चाळीस नगांचं चलन

"किती सोडलाईस रं ह्याला?"

मामांनी शाफ्ट हातात घेतला, मायक्रोमीटर लावला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं. १९९६ साल. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं वर्कशॉप सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि चार माणसं. ग्राइंडिंगची मशीन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून गोल ग्राइंडिंगचं सगळं काम दोन गल्ल्या सोडून मामांच्या शेडमध्ये जायचं. मामा कुणाचे सख्खे मामा होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळा भाग त्यांना मामाच म्हणायचा.

"पॉइंट सहा," मी सांगितलं. म्हणजे व्यासावर ०.६० मिलिमीटर. तयार माप ४० होतं, मी टर्निंग ४०.६० ला केलं होतं.

"कशापायी एवढं?"

"हीट ट्रीटमेंटमध्ये वाकला तर असू दे म्हणून. काळं राहायला नको."

काळं राहणं म्हणजे काय ते सांगायला हवं. भट्टीतून आलेला शाफ्ट वरून काळपट असतो. ग्राइंडिंगचं चाक फिरलं की तो उजळत जातो. पण शाफ्ट वाकलेला असेल आणि माल कमी सोडलेला असेल, तर माप पूर्ण व्हायला आलं तरी एका बाजूला काळा पट्टा तसाच राहतो. चाक तिथवर पोचतच नाही. तो नग गेला. टर्निंगची मजुरी गेली, भट्टीचे पैसे गेले, माल भंगारात. त्या आधीच्या महिन्यात माझे सहा नग असे गेले होते आणि ती भीती डोक्यात ताजी होती.

मामा काही बोलले नाहीत. मान हलवली, चलनावर सही केली आणि शाफ्ट रॅकवर ठेवून दिले. चाळीस नग होते.

काम थोडं अवघड होतं. २०एमएनसीआर५ हे स्टील, लांबी ४२० मिलिमीटर, दोन्ही टोकांना ३० चे बेअरिंगचे पाये आणि मधोमध साठ मिलिमीटर रुंदीचा ४० चा ट्रॅक. ह्या ट्रॅकवर नीडल बेअरिंगच्या सुया थेट धावणार होत्या. मध्ये आतली रिंग नाही. म्हणजे शाफ्टची कातडी हीच बेअरिंगची धाव. त्यासाठीच केस हार्डनिंग मागितलं होतं. स्टील ९२० अंशांच्या आसपास कार्बनच्या वातावरणात काही तास ठेवायचं, म्हणजे कार्बन कातडीतून आत शिरतो. मग तेलात बुडवायचं, शेवटी १८० अंशांपर्यंतचं टेम्परिंग. वरची कातडी काचेसारखी कडक होते आणि आतला गाभा चिवट राहतो. ही कडक कातडी किती खोल, ती केस डेप्थ. ड्रॉइंगवर लिहिलं होतं ०.७ ते १.०. त्याच्यापुढे बारीक अक्षरात दोन शब्द होते, 'तयार मापावर'. भट्टीवाल्याला चिठ्ठी लिहिताना मी ०.७ ते १.० एवढंच उतरवलं.

ते दोन शब्द मी वाचले नव्हते असं नाही. वाचले होते. त्यांचा अर्थ माझ्या डोक्यात उतरला नव्हता.

माल मामांच्या शेडमधूनच भट्टीला गेला आणि परत आला तो तिथेच उतरला. मामांची एक सवय होती. हार्ड झालेला शाफ्ट मशीनवर चढवायच्या आधी ते प्रत्येक नग बेंच सेंटरवर धरायचे, मधल्या ट्रॅकवर डायल टेकवायचे आणि हाताने एक फेरा फिरवायचे. काटा किती हलला ते चलनाच्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहायचे. शाफ्टच्या ज्या बाजूला काटा सगळ्यात वर जायचा, त्या बाजूला टोकाच्या सपाट तोंडावर सेंटरच्या भोकाशेजारी इलेक्ट्रिक पेनने एक ठिपका द्यायचे. मोहरीएवढा. त्यांच्या मदतनिसाला ही कटकट वाटायची. मलाही ती जुन्या माणसाची खोड वाटायची, कारण ग्राइंडिंगमध्ये तर वाक निघूनच जाणार होता.

चाळीस नगांचा रनआउट ०.०६ पासून ०.२५ पर्यंत होता. एकही नग काळा राहिला नाही. मापं सगळी चाळीसच्या आत अकरा मायक्रॉनमध्ये बसली. रॉकवेलवर ५८, ५९ लागलं. माल गेला, पैसे आले, आणि पॉइंट सहा सोडायचा माझा निर्णय बरोबर होता असं मी धरून चाललो.

साडेचार महिन्यांनी अकरा शाफ्ट परत आले. गिऱ्हाईकाने एक कागदही जोडला नव्हता. नुसती पेटी पाठवली होती आणि फोनवर पुढची ऑर्डर थांबवल्याचं सांगितलं होतं. पेटी उघडली. मधल्या ट्रॅकवरची कातडी निघाली होती, कुठे तांदळाच्या दाण्याएवढी, कुठे नखाएवढी. बाकीचा ट्रॅक आरशासारखा होता. माझा पहिला संशय स्टीलवर गेला, दुसरा भट्टीवर. मी शाफ्ट पोत्यात गुंडाळले आणि मामांकडे गेलो, कारण भट्टीवाल्याशी भांडायला मला साक्षीदार हवा होता.

मामांनी पोतं सोडलं. एक शाफ्ट उचलून खिडकीच्या उजेडात धरला, फिरवला, मग उभा करून त्याचं तोंड बघितलं. दुसरा उचलला. तिसरा. अकराही नग त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी मांडले, सगळ्यांचे ठिपके वर करून.

"बघ हिकडं," एवढंच म्हणाले.

अकराच्या अकरा नगांत कातडी उडाली होती ती ठिपक्याच्याच रेषेत. एखाद्यात बोटभर इकडे तिकडे. पण विरुद्ध बाजूला एकाही नगात काही झालं नव्हतं.

मी गप्प उभा होतो. भट्टीत चूक झाली असती, स्टील वाईट असतं, तर ते ठिपक्याला ओळखून एका बाजूला कसं खराब होईल? कार्बनला ठिपका दिसत नाही. ठिपका कुणाला माहीत होता, तर फक्त ग्राइंडिंगच्या चाकाला.

मामांनी त्या दुपारी त्यांचं चालू काम थांबवलं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण तेव्हा त्यांच्याकडे एका पंपवाल्याचा तातडीचा माल होता आणि त्याचा माणूस दारात बसून होता. त्यांनी एक शाफ्ट कापायच्या चाकावर घेतला. कडक माल कापताना तापला तर कडकपणाच जातो आणि मग बघून काही कळत नाही. म्हणून त्यांनी पाण्याची धार सतत चालू ठेवून, घाई न करता, ट्रॅकच्या मधोमध काप घेतला. कापलेलं तोंड आधी जाड, मग बारीक, मग आणखी बारीक पॉलिश पेपरवर घासलं. काचेच्या वाटीत स्पिरिटमध्ये थोडं नायट्रिक ॲसिड होतं. कापूस त्यात बुडवून तोंडावर फिरवला, काही सेकंदांनी पाण्याने धुतलं आणि हवा मारून वाळवलं.

भिंगातून बघितलं तेव्हा कडेने एक काळसर कडी उठली होती. बांगडीसारखी. पण बांगडी मधोमध बसलेली नव्हती. ठिपक्याच्या विरुद्ध बाजूला ती चांगली रुंद होती आणि ठिपक्याकडे येताना बारीक होत जात होती.

"हितं किती ऱ्हायलीय, सांग बघू."

मी पट्टी लावून अंदाज केला. अर्ध्या मिलिमीटरच्याही आत.

मग मामांनी पाटीवर खडूने दोन वर्तुळं काढली आणि मला हिशेब करायला लावला. स्वतः केला नाही. मी तो आजही तसाच करतो, म्हणून इथे पूर्ण देतो.

वाकलेला शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरला की तो सेंटरच्या रेषेभोवती फिरतो, पण मधला भाग त्या रेषेपासून सरकलेला असतो. डायलचा काटा जेवढा हलतो, त्याच्या निम्मं हे सरकणं. काटा ०.२५ हलला तर मधला भाग ०.१२५ ने एका बाजूला गेलेला आहे. आता माल सोडलाय व्यासावर ०.६०, म्हणजे प्रत्येक बाजूला सरासरी ०.३०. पण चाक सरासरी काढत नाही. फुगलेल्या बाजूला, म्हणजे ठिपक्याच्या बाजूला, ते ०.३० अधिक ०.१२५ एवढं काढतं, म्हणजे ०.४२५. विरुद्ध बाजूला ०.३० वजा ०.१२५, म्हणजे ०.१७५.

भट्टीवाल्याने दिलेली केस डेप्थ होती ०.८५. माझ्या चिठ्ठीप्रमाणे अगदी बरोबर. त्यातून ठिपक्याच्या बाजूला ०.४२५ गेली, उरली ०.४२५. विरुद्ध बाजूला उरली ०.६७५. ड्रॉइंगला हवी होती ०.७, ती सुद्धा तयार मापावर. दोन्हींकडे कमीच, आणि ठिपक्याकडे तर जेमतेम साठ टक्के.

नीडल बेअरिंगची सुई ट्रॅकवर दाब देते, त्यातून येणारा कातर ताण अगदी पृष्ठभागावर नव्हे, त्याच्या थोडा खाली सगळ्यात जास्त असतो. कडक थर पुरेसा जाड असेल तर तो भार पेलतो. थर पातळ असेल तर भार खालच्या मऊ भागाच्या सीमेवर पडतो, तिथे बारीक तडा सुरू होतो आणि काही महिन्यांनी वरचा तुकडा पापुद्र्यासारखा निघतो. रॉकवेलचा हिरा जेमतेम दशांश मिलिमीटर आत जातो. त्याने वरची कातडी कडक आहे एवढंच सांगितलं आणि ते खरंच होतं. थर किती उरलाय ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"म्हणजे मी केस डेप्थ जास्त मागायला हवी होती," मी म्हणालो.

"माग की," मामा म्हणाले. "किती मागशील?"

मी पाटीवर लिहिलं. ठिपक्याच्या बाजूला ०.४२५ जाणार आणि ०.७ उरायला हवी, म्हणजे १.१२५. मामांनी विरुद्ध बाजू करायला सांगितली. १.१२५ मधून ०.१७५ गेली, उरली ०.९५. ड्रॉइंगची वरची हद्द १.०. म्हणजे भट्टीवाल्याच्या हातात ०.०५ एवढीच जागा राहिली. कोणतीही भट्टी लॉटच्या लॉट तेवढ्या फरकात देत नाही. शिवाय कार्बन आत जायचा वेग खोलीबरोबर मंदावतो. खोली दुप्पट हवी तर वेळ चौपट लागतो. ०.८५ च्या जागी १.१२५ हवी तर भट्टीतला वेळ पावणेदोन पट. जेवढा वेळ त्या तापमानात जास्त, तेवढी शाफ्टला लवायची संधी जास्त.

त्या क्षणी मला जी गोष्ट कळली ती अशी. शाफ्टच्या दोन बाजूंच्या केसमधला फरक हा डायलच्या काट्याएवढाच असतो. काटा ०.२५ हलला तर फरक ०.२५. माल पॉइंट तीन सोडा नाहीतर पॉइंट सहा, हा फरक बदलत नाही. जास्त माल सोडून मी काळं राहण्यापासून वाचलो होतो, पण वाक तिथेच होता. तो फक्त आरशासारख्या ट्रॅकच्या खाली जाऊन बसला होता.

"माल सोडून वाक जात न्हाई," मामा म्हणाले. "वाक आदी घालव. मग माल किती सोडायचा ते वाकच सांगतोय."

त्यांनी मला हा सगळा वेळ दिला आणि वर बदली द्यायच्या दुसऱ्या लॉटची जबाबदारी घेतली. खरं तर त्यांचं ह्यात काही अडलं नव्हतं. त्यांनी दिलेलं माप बरोबर होतं. उद्यमनगरात अशा वेळी जॉबवर्कवाला हात झटकतो आणि त्याला कुणी नावंही ठेवत नाही.

दुसरा लॉट सुरू झाला तो टर्निंगपासून नव्हे, बारपासून. माझे बार प्रेसवर थंड सरळ केलेले होते. तसा बार दिसायला सरळ असतो, पण त्याच्या आत ताण कोंडलेला असतो. भट्टीत तापला की तो ताण सुटतो आणि शाफ्ट त्याला आवडेल त्या बाजूला जातो. म्हणून ह्या वेळी आधी रफ टर्निंग केलं, व्यासावर दोन मिलिमीटर ठेवून. मग ६०० अंशांच्या आसपास काही तास ठेवून भट्टीतच हळूहळू गार केलं. वाकायचं असेल तेवढं शाफ्ट इथेच वाकले. मग सेंटर नव्याने खरी करून फिनिश टर्निंग केलं. ह्याला एक आठवडा आणि वरचे पैसे लागले. ते मी गिऱ्हाईकाकडून मागू शकत नव्हतो.

मग भट्टीवाल्याकडे मामा स्वतः आले, माझ्या स्कूटरवर मागे बसून. पहिल्या लॉटचे शाफ्ट जाळीवर आडवे ठेवले होते. मामांनी सांगितलं, उभे टांगायचे. तापलेला आडवा शाफ्ट स्वतःच्याच वजनाने लवतो, आणि तेलात आडवा जाताना एक बाजू आधी गार होते, दुसरी मागून. उभा गेला की चहूबाजूंनी सारखा गार होतो. भट्टीवाल्याने टांगायला हूक केले. आधी पाच नग चाचणीला घातले. त्यातल्या चार नगांचा काटा ०.०५ ते ०.०९ हलला. पाचव्याचा ०.१४. तो टोपलीच्या कडेला टेकला होता, हे तेलाच्या डागावरून दिसत होतं. हूकमधलं अंतर वाढवलं.

त्या पाच नगांची मापं मी भट्टीच्या आधी आणि नंतर घेतली. कडक होताना स्टील थोडं फुगतं, पण किती ते स्टीलवर, जाडीवर, भट्टीवर अवलंबून असतं. पुस्तकातला आकडा दुसऱ्याच्या शाफ्टचा असतो. आमच्या पाच नगांत व्यास एकाचा ०.०१ ने घटला होता, बाकीचे वाढले होते, सगळ्यात जास्त ०.०३ ने.

आता आकडा मांडायचा होता. मामांच्या पाटीवर मी तो एकेक ओळीने लिहिला. वाक ०.१० धरला, आणि तो व्यासावर पूर्णच्या पूर्ण धरावा लागतो, कारण दबलेल्या बाजूला निम्मा कमी पडतो आणि एका बाजूला निम्मा म्हणजे व्यासावर पूर्ण. वरचा काळा थर आणि त्याच्या खालची भट्टीत थोडी बिघडलेली कातडी मिळून प्रत्येक बाजूला ०.०३, व्यासावर ०.०६. माप घटण्यासाठी ०.०२. माझ्या टर्नरचा हात वरखाली होतो त्यासाठी ०.०२. आणि सेंटरसाठी ०.०५.

हे शेवटचं मला कळलं नाही. मामांनी एका चाचणीच्या नगाच्या सेंटरच्या भोकात माझं बोट फिरवायला लावलं. आत खरखर होती. भट्टीत तिथेही काळं जमतं, कधी कड मार खाते. तसंच मशीनवर चढवलं तर शाफ्ट खोट्या भोकावर फिरतो आणि त्या भोकाचा खोटेपणा गोलाईत उतरतो. म्हणून सेंटर आधी घासून साफ करावी लागतात, आणि साफ करताना ती केसभर सरकतात. टर्निंगच्या वेळची मध्यरेषा आणि ग्राइंडिंगच्या वेळची मध्यरेषा ह्या दोन वेगळ्या असतात. त्यांच्यातलं अंतरही सोडलेल्या मालातूनच भागतं.

बेरीज आली ०.२५. पॉइंट सहाच्या निम्म्याहून कमी. टर्निंगचं माप ४०.२५, वर खाली ०.०२.

मग भट्टीवाल्याची चिठ्ठी. ह्या वेळी मी ड्रॉइंगवरून उतरवली नाही. ठिपक्याच्या बाजूला जास्तीत जास्त किती जाईल? सगळ्यात मोठा नग ४०.२७, तो फुगून ४०.३०, ग्राइंड होऊन खालच्या हद्दीला ३९.९९. प्रत्येक बाजूला साधारण ०.१५५. त्यात वाकाचा निम्मा, ०.०५. म्हणजे ०.२० च्या आसपास. ०.७ उरायला हवी तर मागायची ०.९. विरुद्ध बाजूला कमीत कमी ०.०६ जाईल, म्हणून वरची हद्द १.०५. चिठ्ठीवर लिहिलं, 'ग्राइंडिंगपूर्वी ०.९० ते १.०५'. भट्टीवाल्याने वाचून मान डोलावली. त्याला ०.१५ ची जागा मिळाली होती, आणि एवढ्यात तो देऊ शकत होता. वेळही पहिल्यापेक्षा फार जास्त लागणार नव्हता.

मामांनी बेचाळीस नग करायला सांगितले होते, चाळीस हवे असताना. मला वाटलं दोन सेटिंगला असतील. भट्टीतून माल आला. काटे लिहून झाले. एक्केचाळीस नग ०.१० च्या आत. एकाचा ०.२८.

"हा बाजूला ठेवूया," मामा म्हणाले.

मी म्हणालो, एकदा चढवून तर बघू. त्यांनी चढवला, मला दाखवण्यासाठीच. ट्रॅक उजळत गेला, माप ४० ला आलं आणि एका बाजूला नखभर काळं राहिलं. सोडलेला माल प्रत्येक बाजूला ०.१२५ आणि शाफ्ट सरकलेला ०.१४. हिशेबात तो बसतच नव्हता. मला वाईट वाटलं, आणि तोंडातून निघालंच, पॉइंट तीन सोडला असता तर हा वाचला असता.

मामांनी चाक थांबवलं. म्हणाले, "ह्या एकट्याच्या मापाने समद्यांला माल सोडलास, तर समद्यांची केस खातोयस. ह्येला जाऊ दे." आणि तो नग त्यांनी स्वतःच भंगाराच्या डब्यात टाकला.

चाक चालवतानाही त्यांनी मला शेजारी उभं केलं. चाक पहिल्यांदा टेकतं तेव्हा आवाज अखंड येत नाही, टक् टक् येतो, फेऱ्यागणिक एकदा. तेव्हा चाक फक्त ठिपक्याच्या बाजूला लागत असतं. घाई करणारा माणूस इथेच चूक करतो. ठिणगी थोडी दिसते म्हणून तो चाक जास्त पुढे घेतो, आणि तो सगळा दाब, सगळी उष्णता एकाच पट्ट्यावर पडते. तिथली कातडी भाजते, मऊ होते, कधी बारीक तडे जातात. डोळ्याला काही दिसत नाही. नेमकी तीच बाजू, जिथली केस आधीच सगळ्यात पातळ होणार आहे. मामा आवाज अखंड होईपर्यंत एका वेळी व्यासावर एक शतांश मिलिमीटर घ्यायचे, त्याहून जास्त नाही, आणि पाणी नेमकं चाक टेकतं तिथेच पडायला हवं. आवाज सलग झाला की मग दोन शतांश, आणि शेवटी अर्धा. मग चाक पुढे न घेता ठिणगी विझेपर्यंत नुसतं फिरू द्यायचं. दोन नग त्यांनी त्याच वाटीतल्या ॲसिडने पुसून बघितले. भाजलं असतं तर काळपट ढग उठले असते. दोन्ही नग एकसारखे राखाडी राहिले.

मी एक नग कापायला मागितला. एक्केचाळीस होते, चाळीस द्यायचे होते. मामा हसले नाहीत, पण त्यांनी लगेच दिला. भिंगाखाली बांगडी जवळपास मधोमध बसली होती. ठिपक्याच्या बाजूला ०.७५ च्या आसपास, विरुद्ध बाजूला ०.८५. ती चकती मी घरी नेली. आमच्या आईने ती देवघराच्या फळीवर ठेवली, तिला वाटलं कसला तरी पहिला माल आहे.

त्या लॉटमधला एकही शाफ्ट परत आला नाही. गिऱ्हाईकाने ऑर्डर पुन्हा सुरू केली आणि ती पुढे नऊ वर्षं चालली. पहिली ग्राइंडिंग मशीन मी २००१ मध्ये घेतली ती त्याच कामाच्या जोरावर. खंडेनवमीला तिच्या पूजेला मामांना बोलावलं. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, मग सेंटरमधला टेस्ट बार फिरवून डायलचा काटा बघितला, आणि मगच पेढा तोंडात घातला.

आज माझ्या मुलाच्या हाताखाली तीन ग्राइंडिंग मशीन आहेत, त्यातली एक सीएनसी. नवीन येणारा पोरगा पहिल्या दिवशी विचारतो, साहेब, प्रोग्राम माप आपोआप आणतोय, मग हे डायल लावून ठिपका मारायचं कशाला? मी त्याला कपाटातून त्या अकरा नगांपैकी उरलेले दहा काढून देतो आणि ठिपके वर करून टेबलावर मांडायला सांगतो. बाकी काही सांगावं लागत नाही. मशीन अचूक झाली, पण ती सेंटरच्या रेषेभोवतीच गोल करते. केस कुठे कुठे किती गेली ते तिला कळत नाही.

टर्निंगच्या चिठ्ठीवर आमच्याकडे एकच आकडा लिहीत नाहीत. वाक, काळा थर, मापातला फेर, टर्नरचा हात, सेंटर, हे पाच रकाने असतात आणि खाली बेरीज. नवं स्टील, नवी लांबी किंवा नवी भट्टी आली की आधी पाच नग जातात आणि रकाने पुन्हा भरले जातात. जाड आखूड शाफ्टला बेरीज ०.२० च्याही आत आली आहे. लांब बारीक शाफ्टला ०.५० पर्यंत गेली आहे, आणि तेव्हा आम्ही गिऱ्हाईकाला आधीच कळवतो की केस डेप्थची हद्द रुंद करा, नाहीतर हे काम आमच्याकडून होणार नाही. अशी दोन कामं मी सोडली आहेत.

त्या दुसऱ्या लॉटचं बिल मामांनी दिलं नाही. मी महिन्याभराने मागायला गेलो तर म्हणाले, पुढच्या लॉटमध्ये धरू. पुढच्या लॉटला म्हणाले, त्येच्या पुढच्यात. पुढे मी मागायचं थांबवलं नाही आणि त्यांनी टाळायचं थांबवलं नाही. २००९ मध्ये त्यांनी शेड बंद केली तेव्हा मी पाकीट घेऊन घरी गेलो. त्यांनी चहा दिला, पाकिटाकडे बघितलं नाही, आणि माझ्या नव्या कामाचं स्टील कुठलं, टांगता की आडवं ठेवता, एवढंच विचारत राहिले. निघताना मामींनी पाकीट माझ्या खिशात परत घातलं.

ते चलन माझ्या फाइलला आहे. मागच्या बाजूला पेन्सिलने बेचाळीस आकडे आहेत, त्यातला ०.२८ गोल केलेला. पुढच्या बाजूला त्यांच्या अक्षरात 'शाफ्ट, नग ४०', खाली सही, आणि दराचा रकाना कोरा.